पैसा, पाऊस आणि पसा

कागदावर दोनच अक्षरं आहेत: प आणि स. मूळ शब्दातले सगळे स्वर काढून टाकले आहेत. ते परत घालायचे आणि शब्द सांगायचा. पास, पीस, पसा, पिसू, पैसा इथपर्यंत बहुतेक जण भराभर येतात. पाऊस मात्र उशिरा सुचतो. बाकीच्या शब्दांत स्वर अक्षराला चिकटून होता, काना किंवा वेलांटी होऊन. पाऊसमधला ऊ दोन अक्षरांच्या मध्ये स्वतंत्र उभा होता. तो उचलला तेव्हा त्याची जागासुद्धा शिल्लक राहिली नाही.

ज्यांना इंग्रजी प्रश्नमंजूषा बघायची आवड आहे त्यांना हा खेळ बीबीसीच्या ‘ओन्ली कनेक्ट’ या कार्यक्रमातून माहीत असेल. २००८ मध्ये तो सुरू झाला. व्हिक्टोरिया कोरेन मिचेल तो चालवतात आणि त्याची शेवटची फेरी गाळलेल्या स्वरांची असते. विषय आधी सांगतात, मग पडद्यावर स्वर काढलेली व्यंजनांची ओळ येते. खोडी अशी की शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मुद्दाम चुकीच्या ठिकाणी टाकलेल्या असतात. जो आधी बटण दाबेल त्यानं उत्तर द्यायचं, चुकलं तर गुण जातो. पाहायला पोरखेळ वाटतो, पण हुशार मंडळी तिथे अडखळतात.

मराठीत हा खेळ आणायचा तर तो जसाच्या तसा येत नाही, आणि त्याची खरी गंमत तिथेच सुरू होते. इंग्रजीतले स्वर गाळले की उरलेली अक्षरं वाचताच येत नाहीत, त्यामुळे काहीतरी गाळलं आहे हे डोळ्यांना लगेच कळतं. देवनागरीत प्रत्येक उघड्या व्यंजनात अ हा स्वर दडलेलाच असतो. काना-मात्रा काढल्या तरी ओळ ठणठणीत वाचता येते. शिवनेरी घ्या. स्वर गेले की राहतं शवनर, आणि जागा बदलून लिहिलं की ‘शव नर’. देवगिरीचं होतं ‘दव गर’. पवना नदीचं पवन होतं, म्हणजे सरळ वारा. सोडवणाऱ्यासमोर अर्थपूर्ण शब्दच असतात, फक्त ते चुकीचे असतात. एकदा डोळ्यांनी ‘दव’ वाचलं की त्यातला द मोकळा करून त्याला मात्रा लावणं फार जड जातं.

यावर साधा उपाय आहे. कोडं हाती आलं की अक्षरं सुटी सुटी लिहायची आणि मनात प्रत्येकाचा पाय मोडून वाचायची: द्, व्, ग्, र्. म्हणजे दडलेला अ गृहीत धरला जात नाही. अ हाही एक पर्यायच आहे, इतर स्वरांइतकाच.

आता पर्याय किती? अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दहा धरले तर दोन व्यंजनांच्या शंभर जोड्या होतात, तीन व्यंजनांच्या हजार. पण मराठी लेखनाचे नियम यातल्या बऱ्याच जोड्या आधीच बाद करतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य सरकारनं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर पडली. शाळेत गुण कापायला म्हणून भेटलेले हे नियम इथे सोडवणाऱ्याच्या बाजूनं उभे राहतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: नदी, कवी, पिसू. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: वकील, गरीब, फूल. शेवट दीर्घ असेल तर आधीचा ऱ्हस्व: किडा, सुरी, विळा. शेवटी ऐ किंवा औ असलेले शब्द मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही सोडून देऊ. म्हणजे दोन अक्षरी शब्दात शेवटासाठी सहा स्वर उरतात आणि त्या प्रत्येकामागे आधीच्या अक्षरासाठी आठ. शंभरावरून आपण अठ्ठेचाळीसवर आलो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अर्थातच फटीतून निसटतात. गुण, विष, पूजा, परीक्षा हे त्यांच्या मूळ लेखनाप्रमाणे चालतात. पण घरगुती शब्दांच्या कोड्यात ही चाळणी चांगली चालते.

अठ्ठेचाळीसातले खरे शब्द किती, हे मात्र नशिबावर. क आणि र घ्या. कर, कार, केर, कीर, कोर, कोरा, करा, करी, करू, कारा, कैरी. आता पाऊसचा धडा आठवून स्वतंत्र स्वरही घालून बघा: एकर, आकार, उकार, अकरा, एकेरी, ओकारी. सतरा झाले आणि यादी अजून संपलेली नाही. म्हणून दोन व्यंजनांचं कोडं विषय सांगितल्याशिवाय घालणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

स्वतंत्र स्वर हा या खेळातला सगळ्यात मोठा लबाड. नातेवाईक हा विषय घेतला की तो किती खातो ते दिसतं. मावशीचं मवश राहतं, ते ठीक. आजोबांचं जब, आजीचा नुसता ज. भाऊ म्हणजे भ, ताई म्हणजे त. आणि आई? आईत व्यंजनच नाही. कागद कोरा. तिचं कोडं घालताच येत नाही.

पण या लबाडाला पकडायची एक युक्ती मराठीनंच दिली आहे. मराठी शब्द ळ किंवा ण या अक्षरांनी सुरू होत नाहीत. तेव्हा सांगाड्याच्या सुरुवातीला यांपैकी एक दिसलं, तर आधी एक स्वर होता आणि तो काढला आहे, हे निश्चित. ळख म्हणजे ओळख. णख म्हणजे आणखी. ळवड दिसल्यावर गोंधळून जाण्याऐवजी अळूवडीच्या ताटाकडे वळायचं. जागा बदललेल्या कोड्यात याच युक्तीचा आणखी एक उपयोग होतो. एखादा गट ण पासून सुरू होत असेल तर एकतर तिथे स्वर गळला आहे किंवा मोकळी जागा खोटी आहे. दोन्हींपैकी काहीही असो, माहिती मिळाली.

जोडाक्षर हाही मोठा दुवा. कोडं घालणारा प्रामाणिक असेल तर जोडाक्षर न फोडता तसंच ठेवतो. कर्त लिहिलं असेल तर र आणि त यांच्या मध्ये स्वर नव्हता हे कळतं. मग कर्ता, कर्ती, कीर्ती, कुर्ता एवढ्यातच शोधायचं. तेच फोडून करत लिहिलं तर करतो, करते, करीत, कोरतो हे सगळे दार ठोठावायला लागतात.

या ‘करतो, करते’पाशी जरा थांबायला हवं, कारण मराठीतलं हे कोडं जिथे सगळ्यात जास्त फसतं ती जागा हीच. मराठीनं लिंग, वचन आणि पुरुष यांचा बराचसा कारभार स्वरांवर सोपवला आहे. मुलगा, मुलगी, मुलगे यांचा सांगाडा एकच, मलग. घोडा, घोडी, घोडे या तिघांचा घड. जातो की जाते, हे व्यंजनं सांगत नाहीत. शब्दाचं मूळ व्यंजनांत राहतं आणि कोण, किती, बाई की बुवा हे स्वरांत. त्यामुळे वकल हा सांगाडा दिला, तर वकील हे उत्तर मनात असलेल्या कोडेकाराला विकला, विकली, विकले, वाकला, वाकली असे पाच-सहा पाहुणे बिनबोलावता भेटतात. ते सगळे खरे मराठी शब्द आहेत, त्यांना चूक म्हणता येत नाही. यावर मार्ग एकच. उत्तर कोशात सापडेल त्या मूळ रूपातच हवं, असं आधीच सांगून टाकायचं. नाम असेल तर एकवचन, विभक्ती नको, क्रियापदाची रूपं बाद. एवढी अट घातली की वकल मध्ये वकील राहतो आणि फार तर संस्कृतातला विकल. बटट मध्ये बटाटा राहतो, बटाटे नाहीत.

मूळ रूपाच्या अटीमागे आणखी एक कारण आहे. विभक्ती लागली की काही शब्दांचा सांगाडाच बदलतो. पाऊसचा पस, पण पावसात म्हटलं की पवसत. ऊचा व झाला आणि जे निसटलं होतं ते व्यंजन होऊन परत आलं. देऊळ आणि देवळात यांचंही तसंच.

आता एक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवू. विषय: म्हणी. ओळ अशी:

नच तयन गणव कड

अनुस्वारही स्वरांबरोबर काढला आहे आणि जागा बदलल्या आहेत. म्हण असल्यामुळे मूळ रूपाची अट इथे लागू नाही. पहिली नजर ‘गणव’वर जाते आणि गणवेश आठवतो, पण श कुठेच नाही, तेव्हा तो सोडायचा. ‘कड’ला कडा, कडी, कडू, किडा, कोडं असं काहीही होता येतं, म्हणून तो तूर्त बाजूला. ‘नच’ मात्र उपयोगी आहे. नाच याशिवाय फारसं काही होत नाही. मग पुढचा त त्यातच ओढून बघायचा: नाचत, नाचतो, नाचते, नाचता. आता शेवटाकडून या. क आणि ड यांच्या आधीचा व त्यांना जोडला की वाकडा, वाकडी, वाकडे हे समोर येतात. दोन्ही टोकं हाती आली. मध्ये उरले य, न, ग, ण. नाचता नंतर यन म्हणजे येईना, मधली ई गळलेली. राहिले ग आणि ण. सगळ्यात जवळचा शब्द गाणे. भरून बघा: नाचता येईना, गाणे वाकडे. वाक्य व्याकरणात बसतं. अर्थही लागतो, नाचणाऱ्यानं दोष गाण्यावर ढकलला. कोशातले शब्द आहेत, स्वर नियमाप्रमाणे आहेत, आणि तरीही उत्तर चूक आहे. कारण अशी म्हण नाही. म्हणीत अंगण आहे, आणि त्याचा अं पुढून कापला गेला आहे.

इथे सोडवणारा नेमकं काय करतो ते उघडं पडतं. आपण स्वर एक एक लावून शब्द बांधतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन-तीन खुंट्या पक्क्या झाल्या की उरलेलं स्मरणातून उचलतो. ज्यानं ही म्हण कधी ऐकलीच नाही, त्याला ‘गाणे’ नाकारायला काही आधारच नाही. विषय सांगणं म्हणजे कोणत्या कप्प्यात शोधायचं ते सांगणं. कप्पा रिकामा असेल तर नियम, चाळण्या, युक्त्या सगळं करूनही माणूस ‘गाणे’वरच थांबतो.

हा खेळ कधीकाळी काही लोकांच्या रोजच्या कामाचा भाग होता, हेही सांगायला हवं. उत्तर भारतात आणि राजस्थानात व्यापाऱ्यांच्या वह्या महाजनी किंवा मुडिया नावानं ओळखल्या जाणाऱ्या लिपीत लिहिल्या जात. तिच्यात काना-मात्रा बहुतेक गाळलेल्याच असत. लिहिणारा आणि वाचणारा एकाच धंद्यातले, माल तोच, गावं तीच, म्हणून निभावत असे. घोटाळा कसा होई त्याची एक कथा आजही सांगतात. पेढीवरून घरी चिठ्ठी आली की काकाजी अजमेरला गेले आहेत, मोठी वही पाठवून द्या. घरच्यांनी वाचलं की काकाजी आज मर गए, बड़ी बहू भेज दो. अजमेर आणि आज मर, बही आणि बहू. स्वर गेले की सांगाडे एकच. ही कथा खरी घडलेली असो वा नसो, तिच्यातलं भाषाशास्त्र चोख आहे. जागा बदलल्याचा घोळही तिच्यात आहे: एका शब्दाचे दोन झाले.

आपल्या मोडीला लोक कधीकधी या पंक्तीला बसवतात, ते बरोबर नाही. मोडीत मात्रा लिहितात. तिच्यात इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ फरक तेवढा नसतो. पण तिची दुसरी सवय मात्र याच खेळातली आहे. आधी ओळभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. जुनी कागदपत्रं देवनागरीत उतरवणारा मोडीवाचक शब्द कुठे तोडायचा ते दर ओळीला ठरवत असतो. महाजनी वाचणारा स्वर शोधतो, मोडी वाचणारा शब्दांच्या सीमा. बीबीसीच्या फेरीत ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात, तीही घड्याळाबरोबर.

अरबी आणि हिब्रू आजही रोजच्या छपाईत ऱ्हस्व स्वर दाखवत नाहीत आणि वाचणाऱ्यांचं अडत नाही, मग मराठीचंच काय बिघडतं, असा प्रश्न कुणी विचारील. त्या भाषांमध्ये शब्द तीन व्यंजनांच्या मुळाभोवती घडतात. क-त-ब हे लिहिण्याचं मूळ. त्यातून किताब, कातिब, कुतुब, मकतब. स्वर चुकला तरी वाचणारा लिहिण्या-वाचण्याच्या आवारातच राहतो. शिवाय दीर्घ स्वरांसाठी तिथे बरेचदा अक्षरं लिहिलेली असतात. मराठीत रूपांपुरतं असंच घडतं, मुलगा आणि मुलगी शेजारीच राहतात. पण वेगवेगळ्या शब्दांचे सांगाडे योगायोगानं जुळतात. पैसा, पाऊस आणि पिसू यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

म्हणून कोडं घालणाऱ्याची जबाबदारी सोडवणाऱ्यापेक्षा मोठी. आपल्या उत्तराला जुळे भाऊ आहेत का, हे त्याला आधी तपासावं लागतं. छापील शब्दकोश इथे फार कामाचा नाही. तिथे क नंतर का, मग कि, की असा क्रम असल्यामुळे कर एका पानावर, कैरी पुष्कळ पुढे आणि एकर तर पार सुरुवातीच्या स्वरांत. एकाच सांगाड्याचे शब्द कोशभर विखुरलेले असतात. संगणकावर मात्र हे सोपं आहे. युनिकोडमध्ये काना-मात्रा-वेलांटी यांना व्यंजनापासून वेगळे क्रमांक आहेत. पडद्यावर अक्षराच्या आधी दिसणारी ऱ्हस्व वेलांटीसुद्धा आत व्यंजनानंतरच साठवलेली असते. शब्दांची यादी घेऊन प्रत्येकातले हे क्रमांक आणि स्वतंत्र स्वर गाळायचे, आणि उरलेल्या सांगाड्यांप्रमाणे यादी लावायची. जुळे आपोआप एकाखाली एक येतात. काही निर्णय मात्र आधी घ्यावे लागतात. ऋ हा स्वर, तेव्हा मृगाचा मग होतो आणि तो मागे, मूग, माग यांच्या गर्दीत सापडतो. ऑफिसमधला ऑ गेला की राहतं फस. अनुस्वार मी शक्यतो अक्षरावर तसाच ठेवीन, पण अंगणसारख्या शब्दात तो ठेवायला अक्षरच उरत नाही, तिथे काढण्याशिवाय इलाज नाही.

तपासणी करूनही काही जोड्या सुटतातच, आणि विषय सांगूनही त्या सुटतात. खाद्यपदार्थ या विषयाखाली थलपठ घाला, परणपळ घाला, थालीपीठ आणि पुरणपोळी यांना प्रतिस्पर्धी नाही. पण त्याच विषयाखाली भज घातलं तर कुणी भजी म्हणेल, कुणी भाजी, आणि मटणाच्या दुकानावरून नुकताच आलेला कुणी भेजा. तिघांनाही पूर्ण गुण द्यावे लागतील.